रीलमधलं गाणं कोणाचं?

दिवाळीला तीन आठवडे उरलेत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानाला रील हवं आहे. दुकान मी कल्पनेतलं घेतलंय, पण गोष्टीतली प्रत्येक पायरी रोज कुठे ना कुठे घडत असते. दुकानदार एका इन्फ्लुएन्सर मुलीला पंधरा हजार रुपये आणि एक पैठणी देतात. ती दुकानात येते, चार साड्या नेसून दाखवते, आणि चोवीस सेकंदांच्या रीलला ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ लावते. गाणं इन्स्टाग्रामच्या यादीतच आहे. बोट लावलं की लागतं. रील तिच्या खात्यावर जातं, ‘कोलॅब’मुळे दुकानाच्या खात्यावरही दिसतं, आणि दोन दिवसांत बऱ्यापैकी पळतं.

दुकानाचं सोशल मीडिया बघणाऱ्या मुलाला वाटतं, याला थोडे पैसे लावून ‘बूस्ट’ करू. ॲप नकार देतं: या रीलमध्ये कॉपीराइट असलेलं संगीत आहे. मुलगा हुशार असतो. तो मूळ व्हिडिओ मागवून घेतो, मोबाइलवरच्या एडिटिंग ॲपमध्ये तेच गाणं पुन्हा चिकटवतो आणि नवी फाइल दुकानाच्या खात्यावरून जाहिरात म्हणून टाकतो. आता ॲपला ते गाणं यादीतून आल्याचं दिसत नाही. तिथे ‘ओरिजिनल ऑडिओ’ असं लिहून येतं आणि खाली दुकानाचं नाव. वीस हजार रुपये खर्चून जाहिरात पंधरवडाभर चालते. जाता जाता तीच फाइल यूट्यूब शॉर्ट्सवरही जाते.

फेब्रुवारीत वकिलाची नोटीस येते. दुकानदार पहिल्यांदा म्हणतात ते असं: “गाणं ॲपनंच दिलं होतं ना?”

या प्रश्नाचं उत्तर ‘हो, पण तुम्हाला नव्हे’ असं आहे. गोंधळाचं मूळ तिथेच असल्यामुळे तिथूनच सुरुवात करू.

मेटा कंपनी, म्हणजे इन्स्टाग्राम आणि फेसबुकची मालक, संगीत कंपन्यांशी करार करते आणि त्यांची गाणी वापरायची मुभा आपल्या सदस्यांना देते. ही मुभा वैयक्तिक, करमणुकीच्या वापरापुरती असते. मेटाच्या संगीतविषयक नियमांत स्पष्ट लिहिलंय की व्यावसायिक किंवा वैयक्तिक नसलेल्या कामासाठी संगीत वापरायला मनाई आहे, त्यासाठी लागणारे परवाने तुम्ही स्वतः मिळवलेले असतील तरच ते चालतं. म्हणून तर धंद्याच्या खात्याला लोकप्रिय गाण्यांची यादी सहसा दिसत नाही. त्याऐवजी ‘साउंड कलेक्शन’ नावाचं वेगळं भांडार दिसतं, ज्यात चालू गाणी नसतात. बरेच दुकानदार यावर उपाय म्हणून आपलं खातं ‘बिझनेस’वरून ‘क्रिएटर’ करून घेतात. गाणी लगेच दिसायला लागतात. पण त्यानं खात्याची पाटी तेवढी बदलते. साडी विकण्यासाठी केलेला वापर व्यावसायिकच राहतो.

आता आपल्या रीलचा प्रवास पुन्हा पाहू. मुलीनं घरी बहिणीच्या हळदीला ‘झिंगाट’वर नाच केला असता आणि तेच गाणं यादीतून लावलं असतं, तर तो ॲपच्या परवान्यात बसला असता. तिनं पैसे आणि पैठणी घेतली तेव्हाच रील जाहिरात झालं, आणि ते पहिल्याच दिवशी परवान्याबाहेर पडलं. ‘पेड पार्टनरशिप’ची पट्टी लावली तरी त्यात फरक पडत नाही. ती पट्टी प्रेक्षकांशी प्रामाणिक राहण्यासाठी असते आणि लावायलाच हवी, पण संगीताच्या बाबतीत ती उलट तुमच्याविरुद्धचा लेखी पुरावा ठरते. ‘कोलॅब’ केल्यावर दुकान त्या रीलचं सहप्रकाशक झालं. आणि बूस्ट नाकारल्यावर गाणं पुन्हा चिकटवून टाकलं, तेव्हा तर ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणायची जागाही गेली. ॲपनं कारण देऊन अडवलं होतं, तरी वळसा घालून आत शिरलात. वकील नोटिशीत नेमकं हेच वाक्य लिहील.

‘ओरिजिनल ऑडिओ’ हा यातला सगळ्यात फसवा शब्दप्रयोग. त्याचा अर्थ एवढाच, की हा आवाज कुणीतरी व्हिडिओसोबत स्वतः चढवला. तो त्याचा आहे की नाही, हे ॲपनं पाहिलेलं नसतं. धंद्याच्या खात्याला यादीत गाणं सापडत नाही म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या कुणाच्या रीलमधला असा ‘ओरिजिनल’ आवाज उचलतात आणि नाव बघून निर्धास्त होतात.

गाण्याचे मालक किती, हा पुढचा प्रश्न. कानाला एक वाटणारं गाणं 1957च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीनं तीन कृती असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ‘झिंगाट’चे शब्द आणि चाल अजय-अतुल यांची, ध्वनिमुद्रण बाजारात आणलं झी म्युझिक कंपनीनं. व्हिडिओला गाणं जोडायचं तर तिन्हींची परवानगी लागते. धंद्यात या परवानगीला ‘सिंक’ म्हणतात. चित्रपटसंगीतात एक सोय अशी, की बहुतेक वेळा निर्माता हे सगळे हक्क मिळून एकाच संगीत कंपनीला देतो, त्यामुळे दार एकच ठोठवावं लागतं. तरी गीतकार-संगीतकार पूर्ण बाजूला होत नाहीत. 2012च्या दुरुस्तीनं, जिच्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी जोर लावला होता, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा वाटा कायम ठेवला. तो त्यांना करारातही सोडून देता येत नाही. कंपनी तुमच्याकडून पैसे मागते तेव्हा ते सगळेच तिच्या तिजोरीत राहतात असं नाही, हे लक्षात असलेलं बरं.

कृती वेगवेगळ्या असतात हे कळलं, की दुकानदारांकडून नेहमी ऐकू येणाऱ्या पळवाटा एकेक करून बंद होतात. “आम्ही मूळ गाणं वापरलंच नाही, आमच्याकडच्या मुलाकडून गाऊन घेतलं.” यानं ध्वनिमुद्रणाचा मालक बाजूला झाला. शब्द आणि चाल जागच्या जागी आहेत. ‘कव्हर’साठी कायद्यात कलम 31सी आहे खरं, पण ते मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं उलटल्यावर नवीन ध्वनिमुद्रण काढणाऱ्यासाठी आहे, त्यातही आगाऊ नोटीस आणि किमान रॉयल्टीच्या अटी आहेत. जाहिरातीच्या चित्रांना गाणं जोडायचा हक्क त्यातून मिळत नाही. चालीवर दुकानाचं नाव बसवून नवे शब्द लिहिणं हा तर आपल्याकडचा आवडता उद्योग. गणपतीत मंडळं करतात, निवडणुकीत पक्ष करतात. पण तेही कृतीचं रूपांतरच, आणि त्यालाही परवानगी लागते. शिवाय आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला धक्का बसला तर दाद मागायचा कलम 57खालचा हक्क मूळ कवी-संगीतकाराकडे राहतो, हक्क विकून टाकले असले तरीही.

दुसरी पळवाट: “आमच्याकडे पीपीएलचं लायसन्स आहे.” हे म्हणणारा दुकानदार खरं तर कौतुकाला पात्र आहे, कारण दुकानात गाणी वाजवायला परवाना लागतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. पण पीपीएल असो किंवा गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस असो, त्यांचा दुकानासाठीचा परवाना म्हणजे त्या जागेत येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाणं ऐकवायचा परवाना. ते गाणं व्हिडिओत जोडून इंटरनेटवर सोडणं ही निराळी बाब आहे. याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. दुकानात कायदेशीरपणे वाजत असलेलं गाणं रील काढताना मागे रेकॉर्ड झालं, तर रीलपुरतं ते बेकायदा ठरू शकतं. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी स्पीकर बंद ठेवायची सवय लावून घ्यावी.

लग्नाचे फोटोग्राफर याच खड्ड्यात पडतात. लग्नात आणि वरातीसारख्या लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला कलम 52(1)(झेडए)खाली सूट आहे. गोव्यात या सुटीचा अर्थ किती लांबवायचा यावरून वाद झाला. राज्य सरकारनं जानेवारी 2024मध्ये काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. तो वाद समारंभात वाजणाऱ्या संगीताचा होता. त्याच वरातीचा व्हिडिओ तेच गाणं लावून फोटोग्राफरनं ‘बुकिंग सुरू आहे’ म्हणून आपल्या पानावर टाकला, तर समारंभासाठीच्या सुटीचं छत्र त्या जाहिरातीवर येत नाही.

तिसरी पळवाट सेकंदांची, आणि ती सगळ्यात चिवट आहे. कुणी सात सेकंद म्हणतं, कुणी पंधरा, कुणी तीस. कायद्यात असा आकडा कुठेच नाही. कलम 52मध्ये ‘फेअर डीलिंग’ची मुभा आहे, ती खाजगी वापर, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी. साडीची जाहिरात यातल्या कशातच बसत नाही. अगदीच किरकोळ वापराकडे न्यायालय दुर्लक्ष करतं हे खरं. इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं 2012मध्ये ‘बंटी और बबली’तल्या एका गाण्याचे मोजके शब्द ग्राहकजागृतीच्या जाहिरातीत वापरल्याची बाब क्षुल्लक मानली. पण तो निकाल हाताशी धरून गाण्याचा सगळ्यात ओळखीचा तुकडा मूळ आवाजासकट चोवीस सेकंद वाजवणाऱ्यानं फार भरवसा ठेवू नये. रीलसाठी आपण गाण्यातला जो भाग निवडतो तो बहुधा ध्रुवपदाचा, म्हणजे गाण्याचा जीवच. सेकंद थोडे असले तरी घेतलेलं थोडं नसतं. खाली ‘क्रेडिट: मूळ कलाकारांना’ लिहिलं तर उपयोग एवढाच, की गाणं कुणाचं आहे हे तुम्हाला माहीत होतं हे सिद्ध होतं.

चित्रपटातला संवाद किंवा दृश्याचा तुकडा घेतला तर वरच्या यादीत निर्माता मिळवायचा. आणि नटाचा चेहरा तुमचा माल विकताना दिसला, तर तो नटही तक्रारीला उभा राहू शकतो. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

जुन्या गाण्यांचं प्रकरण मात्र सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण मराठी दुकानदाराला सणासुदीला जुनं गाणंच हवं असतं आणि ‘इतकं जुनं आहे, आता कुणाचं असणार’ असा समज असतो. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षं, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजायची. 1962 साली निघालेली तबकडी 2022 संपताना मोकळी झाली. पण ती मुदत तबकडीची. शब्दांची आणि चालीची मुदत त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गीतरामायण घ्या. पुणे आकाशवाणीवर ते 1955-56मध्ये झालं, म्हणजे सत्तर वर्षं होत आली. गदिमा डिसेंबर 1977मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर 2037 अखेरपर्यंत हक्क आहे. सुधीर फडके 2002मध्ये गेले, चालींवर 2062 अखेरपर्यंत. रामनवमीच्या ऑफरच्या रीलला त्यातलं एखादं गीत लावणाऱ्यानं मुद्रण किती जुनं आहे हे सांगून भागत नाही.

संतवाङ्मयात मामला आणखी गमतीचा आहे. तुकोबांचे शब्द साऱ्या जगाचे. पण ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या, ते 2011मध्ये गेले, म्हणजे त्या चालींची मुदत 2071 अखेरपर्यंत. मुद्रण लतादीदींच्या आवाजातलं, त्याची मालकी कंपनीकडे. शब्द फुकट मिळाले म्हणून बाकीचं फुकट होत नाही. उलट, समर्थांची गणपतीची आरती पारंपरिक चालीत दुकानातल्याच चार माणसांनी टाळ घेऊन म्हटली आणि मोबाइलवर रेकॉर्ड केली, तर तिच्यात कुणाचाही हक्क अडकत नाही. बाजारातल्या आरतीच्या मुद्रणावर कंपनीचा हक्क असतो, तुम्ही म्हटलेल्या आरतीवर तुमचा. गणेशोत्सवातल्या जाहिरातींचा निम्मा प्रश्न इथेच सुटू शकतो, पण इतकं साधं काही करायला कुणी तयार नसतं.

नोटीस आली तर पुढे काय, हे आता पाहू. गाणं काढून टाकलं जाणं किंवा ॲपनं आवाज बंद करणं ही सगळ्यात सौम्य पायरी. यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. तिथे मालक व्हिडिओ अडवू शकतो, किंवा राहू देऊन त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न आपल्याकडे वळवू शकतो. याला ‘क्लेम’ म्हणतात. मालकानं रीतसर हटवायची मागणी केली तर ‘स्ट्राइक’ बसतो, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. इथे एक गैरसमज फार महागात पडतो. क्लेम येऊनही व्हिडिओ चालू राहिला, म्हणजे परवानगी मिळाली असं लोक धरतात. मालकानं यूट्यूबच्या उत्पन्नातला वाटा घेतला म्हणून तुमच्या साडीला गाणं वापरायला संमती दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. आवाज बंद झाला नाही, कुणी काही बोललं नाही, यालाही तीच गोष्ट लागू.

त्यापुढची पायरी नुकसानभरपाईची. भारतात गाण्यामागे ठरावीक दंडाचा तक्ता नाही. परवाना घेतला असता तर किती फी पडली असती, वापरामुळे किती फायदा झाला, वापर जाणूनबुजून होता का, यावर घासाघीस होते आणि न जमल्यास न्यायालय ठरवतं. म्हणूनच बूस्टचं बिल, जाहिरात किती जणांपर्यंत पोचली याचा तक्ता आणि मुलीशी झालेला व्हॉट्सॲप संवाद हे सगळं पुढे कामी येतं, दोन्ही बाजूंना. अमेरिकेत मात्र तक्ता आहे: जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत. कुकी विकणाऱ्या क्रम्बल कंपनीवर वॉर्नर म्युझिकनं एप्रिल 2025मध्ये दावा लावला, तो 159 कृतींचा. गुणाकार केला तर कमाल आकडा 2 कोटी 38 लाख 50 हजार डॉलर होतो. दाव्यात कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंबरोबर इन्फ्लुएन्सरांकडून करून घेतलेले व्हिडिओही होते. त्याआधी 2022मध्ये बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीला फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयानं तिच्या स्वतःच्या टिकटॉक व्हिडिओंसाठी थेट जबाबदार धरलं होतं. तिथेही ‘गाणं ॲपवर उपलब्ध होतं’ हा बचाव टिकला नाही. न्यू जर्सीतल्या मराठी किराणा दुकानाची रील असतील तर त्यांना लागू होणारा कायदा हा आहे, आपला नव्हे.

आपल्याकडे दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी बाजूही आहे, आणि ती दुकानदारांना सहसा माहीत नसते. कलम 63खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे 2022मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी भारत जोडो यात्रेच्या प्रचाराच्या व्हिडिओत ‘केजीएफ 2’चं संगीत वापरल्यावरून बेंगळुरूच्या एमआरटी म्युझिकनं काँग्रेस नेत्यांविरुद्ध गुन्हा नोंदवला. तिथल्या दिवाणी न्यायालयानं पक्षाची ट्विटर खाती रोखायचा आदेश दिला. उच्च न्यायालयानं तो दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवला, पण व्हिडिओ काढायच्या अटीवर. आणि जून 2023मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. राष्ट्रीय पक्षाची ही अवस्था एका छोट्या व्हिडिओवरून झाली. साडीच्या दुकानावर पोलीस येतील असं मी म्हणत नाही, व्यवहारात अशी प्रकरणं बहुतेक पैशांवर मिटतात. पण तडजोडीच्या टेबलावर कंपनीचा वकील इतका निवांत का बसलेला असतो, ते यावरून कळावं.

नोटीस हाती पडली की आधी रील सगळीकडून उतरवा: मुलीचं खातं, दुकानाचं खातं, चालू जाहिरात, शॉर्ट्स. उतरवण्याआधी तारखा आणि प्रेक्षकसंख्या यांचे स्क्रीनशॉट ठेवा, कारण कंपनीकडे ते आहेतच आणि तिचा आकडा फुगलेला असला तर तुमच्याकडे उत्तर हवं. नोटीस पाठवणाऱ्याकडे हक्क असल्याचा कागद मागा, खोट्या नावानं पैसे उकळणारेही असतात. मग वकिलाकरवी उत्तर द्या. गप्प बसणं सगळ्यात वाईट. आणि त्याच दिवशी खात्यावर मागे जाऊन पाहा. कंपनी एक रील शोधते तेव्हा बाकीचीही चाळते, आणि अशा उल्लंघनाच्या भरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. गेल्या दिवाळीचं आणि त्याआधीच्या पाडव्याचं रील तिथेच असतं.

परवानगी मागणं वाटतं तेवढं अवघड नाही. अवघड आहे ते वेळेत मागणं. कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर अल्बमच्या तळाशी ℗ या खुणेपुढे वर्ष आणि कंपनीचं नाव असतं, यूट्यूबवरच्या अधिकृत व्हिडिओच्या वर्णनातही बहुधा असतं. जुनं ग्रामोफोन कंपनीचं असेल तर ते आज सारेगामाकडे आहे, मराठी चित्रपटांत झी म्युझिक, एव्हरेस्ट, व्हिडिओ पॅलेस अशी नावं दिसतील. त्यांच्या परवाना विभागाला लिहिताना “तुमचं गाणं रीलला वापरू का” असं लिहिलं तर उत्तर यायची आशा कमी. आपल्या दुकानानं असं लिहायला हवं होतं: ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’, त्यातले अमुक मिनिटापासूनचे चोवीस सेकंद, शब्दांत बदल नाही, एक व्हिडिओ, एका इन्फ्लुएन्सरच्या आणि दुकानाच्या खात्यावर, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूबवर, त्यातली एक सशुल्क जाहिरात, अंदाजे खर्च वीस हजार, भारतापुरती, 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर. यातल्या प्रत्येक तपशिलावर किंमत हलते. सशुल्क जाहिरात काढली तर कमी, वर्षभर ठेवायची तर जास्त, सगळ्या जगासाठी हवी तर आणखी. उत्तर आलं की परवान्यात शब्द, चाल आणि मुद्रण तिन्ही आहेत का, आणि इन्फ्लुएन्सरच्या खात्याचा उल्लेख आहे का, हे दोनदा वाचावं. तारीख उलटली की रील खरोखर उतरवावं. परवाना घेऊनही याच कारणानं नोटीस येऊ शकते.

खरं सांगायचं तर पंधरा हजारांच्या रीलसाठी गाजलेल्या चित्रपटगीताचा हिशेब बहुतेक वेळा जुळत नाही. तो जुळत नाही म्हणून चोरून वापरायचं, हा आपल्याकडचा रिवाज मला पटत नाही, पण पर्यायही आंधळेपणानं घेऊ नयेत. मेटाच्या ‘साउंड कलेक्शन’मधला तुकडा मेटाच्या ॲपांपुरता आहे, तो यूट्यूबवर नेऊ नये. ‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट असा अर्थ नाही: वर्गणीच्या संगीत-भांडारांत वैयक्तिक आणि व्यावसायिक अशा वेगळ्या योजना असतात, आणि एजन्सीतल्या मुलाच्या वैयक्तिक वर्गणीतून दुसऱ्या दुकानाची जाहिरात झाकली जाईलच असं नाही. परवान्याचं प्रमाणपत्र दुकानाच्या नावानं निघालेलं असावं, आणि ते दुकानाच्या संगणकात असावं, नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नव्हे.

माझं मत विचाराल तर दुकानानं एखाद्या स्थानिक संगीतकाराकडून वीस सेकंदांची स्वतःची धून करून घ्यावी. पाच वर्षं प्रत्येक रीलला तीच वाजली, तर लोक दुकानाला तिच्यावरून ओळखतील. फक्त “पैसे दिले म्हणजे धून आमची” यावर विसंबू नये. पैसे देऊन करून घेतलेल्या धुनेचा पहिला मालक संगीतकारच असतो. हक्क दुकानाकडे यायचे तर ते लेखी लिहून आणि सही करून यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. दुबईतल्या मराठी मंडळींना पैठण्या पाठवायचा विचार असेल, तर ही दोन्ही कलमं करारात पहिल्याच दिवशी घालून घ्या.